हप्त्याची फोड

दरमहा पाच तारखेला बचत खात्यातून १९,००९ रुपये जातात आणि मोबाइलवर हप्ता मिळाल्याचा संदेश येतो. त्या १९,००९ रुपयांपैकी कर्ज किती फिटले आणि व्याजात किती गेले, हे त्या संदेशात नसते. विचारावे असेही सहसा कुणाला वाटत नाही. हप्ता वेळच्या वेळी जातोय म्हणजे कर्ज उतरतेच आहे, असा साधा समज असतो. २०२२-२३ मध्ये हा समज अनेक गृहकर्जदारांना महागात पडला. त्यातल्या काहींना ते कळले, काहींना अजून कळायचे आहे.

हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० ते मे २०२२ अशी दोन वर्षे ४ टक्क्यांवर होता. त्या काळात कुणी २५ लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी ६.७५ टक्क्यांनी घेतले असेल, तर त्याचा हप्ता १९,००९ रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातले १४,०६३ रुपये व्याजाचे आणि ४,९४६ मुद्दलाचे. वर्षभरात त्याने २ लाख २८ हजार भरले, त्यातले ६१ हजारांच्या आसपास मुद्दलात जमा झाले आणि बाकी उरली २४,३८,७७१ रुपये. इथवर तक्रारीला जागा नाही. सुरुवातीला बाकी मोठी असते, म्हणून व्याजाचा वाटा मोठा. पुढे बाकी घटते तसा तो घटतो. ‘बँक आधी स्वतःचे व्याज वसूल करून घेते’ असे जे म्हटले जाते त्यात लबाडी काही नाही. त्या महिन्यात जेवढी बाकी वापरली तेवढ्याचेच ते व्याज असते.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नव्या फ्लोटिंग गृहकर्जाचा दर बाहेरच्या एखाद्या मापदंडाशी बांधावा लागतो आणि बऱ्याच बँकांनी त्यासाठी रेपोच निवडला. त्यामुळे आपल्या कर्जदाराचा दर ६.७५ वरून ९.२५ टक्के झाला. हिशेब सोपा राहावा म्हणून वाढ एकदम झाली असे धरू. हप्ता मात्र बँकेने बदलला नाही, मुदत वाढवली. त्या वेळी ही पद्धत सर्रास होती, कारण हप्ता वाढला की ग्राहक शाखेत येतो आणि मुदत वाढली की येत नाही. आता २४,३८,७७१ रुपयांवर ९.२५ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज होते १८,७९९. हप्ता १९,००९. मुद्दलात गेले २१० रुपये. पुढच्या पूर्ण वर्षात हा माणूस पुन्हा २ लाख २८ हजार भरणार आणि त्याचे कर्ज २,६०० रुपयांच्या आसपास कमी होणार. दर तसाच राहिला तर उरलेली १९ वर्षे वाढून जवळजवळ ४९ होतात. जुन्याच मुदतीत कर्ज संपवायचे तर हप्ता २२,७४९ रुपये करायला हवा होता, म्हणजे महिना ३,७४० रुपये जास्त. ते त्याला झेपले असते किंवा नसते, पण तो निर्णय त्याचा होता. फोड समोर नसल्यामुळे तो निर्णय त्याच्या नकळत होऊन गेला.

तर ही फोड मागायची कशी?

शाखेत जाऊन ‘लोनचे स्टेटमेंट द्या’ म्हटले तर तीनपैकी कोणताही एक कागद हातात पडू शकतो आणि तिन्हींना शाखेत लोक स्टेटमेंटच म्हणतात. पहिला कागद व्याजाच्या प्रमाणपत्राचा. आयकरासाठी लागतो तो. वर्षभरात व्याज किती, मुद्दल किती, एवढे दोन आकडे. आर्थिक वर्ष संपायच्या आधी घेतला तर त्यातले काही हप्ते अजून भरलेलेही नसतात. भरले जातील असे धरून तो छापतात. जुन्या करपद्धतीत वजावट घेण्यासाठी तो पुरतो, हिशेब तपासण्यासाठी त्याचा उपयोग नाही.

दुसरा कागद परतफेडीच्या वेळापत्रकाचा. यात प्रत्येक हप्त्यापुढे व्याज आणि मुद्दल असे दोन रकाने नीट मांडलेले असतात, त्यामुळे हेच आपल्याला हवे होते असे वाटते. बहुसंख्य लोक इथेच समाधानाने घरी जातात. पण वेळापत्रक हा अंदाज आहे. आजचा दर कायम राहिला, प्रत्येक हप्ता ठरल्या दिवशी आला, मध्ये काही जास्तीचे भरले नाही, तर असे होईल, एवढेच ते सांगते. मागे काय घडले याची ती नोंद नव्हे. दर बदलला की संगणक नवे वेळापत्रक काढतो आणि जुने सहसा कुणी दाखवत नाही. आज काढलेल्या वेळापत्रकात तीन वर्षांपूर्वीच्या हप्त्यांची फोड दिसत असेल, तर ती प्रत्यक्ष नोंदीवरून आली आहे की सूत्राने भरली आहे, हे विचारून घ्यावे.

तिसरा कागद म्हणजे खरा खातेउतारा, बँकेच्या खतावणीतली तारीखवार नोंद. आपल्याला हवा तो हाच. गंमत अशी की यात फोड बहुधा नसतेच. बँकेच्या कर्जखात्यात हप्ता पूर्ण रकमेने जमेला पडतो आणि महिन्याअखेरीस व्याज एका ओळीत नावे पडते. दोन्ही ओळी वाचून फोड आपणच काढायची. गृहवित्त कंपन्यांच्या उताऱ्याची मांडणी वेगळी असते. तिथे ‘देय हप्ता’ आणि ‘मिळालेला हप्ता’ अशा जोड्या लागतात आणि मुद्दलाची बाकी पुष्कळदा उताऱ्यात दिसतच नाही. ती वेळापत्रकात असते. म्हणून कंपनीकडून दोन्ही कागद एकाच तारखेचे मागावेत आणि शेजारी ठेवून वाचावेत.

रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने एक गोष्ट सक्तीची केली आहे. हप्त्याने फेडल्या जाणाऱ्या फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक कर्जांसाठी, आणि गृहकर्ज त्यात येते, बँका आणि वित्त कंपन्यांनी दर तिमाहीच्या शेवटी कर्जदाराला एक विवरण दिले पाहिजे. आजवर वसूल झालेले मुद्दल, आजवरचे व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर, एवढे त्यात किमान हवे, आणि ते साध्या भाषेत हवे. दर वाढला तर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हा पर्यायही कर्जदाराला द्यायचा. मुदत इतकी ताणायची नाही की हप्त्यातून व्याजही फिटू नये, असेही त्यात आहे. हे विवरण बँकेच्या अॅपमध्ये किंवा ईमेलमध्ये मिळते आणि उघडून पाहण्यासारखे असते. ‘उरलेले हप्ते’ हा एक आकडा मागच्या तिमाहीशी ताडून पाहिला तरी मुदत गुपचूप वाढली का ते कळते. मात्र त्यात एकूण बेरजा असतात. बेरीज चुकली आहे अशी शंका आली तर ती कोणत्या महिन्यात चुकली हे शोधायला हप्तावार उताराच लागतो.

आता उतारा वाचू या. वरचाच कर्जदार घेऊ. एका मार्च महिन्याच्या ओळी पाहू. १ मार्चला बाकी २४,३८,७७१. पाच तारखेला हप्ता जमा, १९,००९. बाकी उतरून २४,१९,७६२. एकतीस तारखेला व्याज नावे, १९,०२९. बाकी २४,३८,७९१. महिन्याच्या सुरुवातीला होती त्यापेक्षा वीस रुपयांनी जास्त! १९ हजार भरूनही कर्ज वाढले. आधी आपण महिन्याला २१० रुपये मुद्दलात गेले असे म्हटले ते वर्षाचे बारा सारखे भाग करून. प्रत्यक्षात बँका रोजच्या बाकीवर व्याज मोजतात, म्हणून ३१ दिवसांचा महिना जड जातो. हाच महिना २८ दिवसांचा फेब्रुवारी असता तर व्याज १७,१९० झाले असते आणि बाकी १,८१९ रुपयांनी उतरली असती. फोडीचे आकडे दर महिन्याला थोडे वर-खाली होताना दिसले तर दचकू नये; ते दिवसांमुळे असते.

हे १९,०२९ आले कुठून, ते ताडून पाहणे अवघड नाही. बाकी गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६,५००, एवढेच सूत्र. एक ते चार मार्च असे चार दिवस बाकी २४,३८,७७१ होती. त्यांचे व्याज २,४७२. पाच ते एकतीस असे सत्तावीस दिवस बाकी २४,१९,७६२, त्यांचे १६,५५७. बेरीज १९,०२९. ज्या महिन्यात दर बदलला त्या महिन्याचे दोन तुकडे पाडायचे, जुन्या दराचे दिवस वेगळे आणि नव्याचे वेगळे. लीप वर्ष ३६५ चे धरले की ३६६ चे, हप्ता जमेचा दिवस मोजला की सोडला, यामुळे थोडा फरक पडतो. तो सोडून द्यावा. फरक दर महिन्याला एकाच बाजूला आणि शे-दोनशेच्या वर दिसू लागला, तर मात्र बहुधा दरात गोम असते. एक तर दर उतरला तो खात्याला लावायला उशीर झाला, किंवा मापदंडावर बँक जो ठरावीक फरक जोडते तो करारापेक्षा वेगळा आहे.

माझे मत असे, की नुसती फोड मागणे अर्धवट आहे. व्याज इतके, मुद्दल इतके असे दोन रकाने छापून दिले तरी ते बरोबर आहेत की नाहीत हे त्या दोन रकान्यांवरून कधीच कळत नाही. सोबत त्या काळात लागू असलेला दर आणि हप्ता प्रत्यक्ष जमा झाल्याची तारीख हवी. दराशिवाय फोड म्हणजे वजनाशिवाय बिल.

पैसा वाट चुकतो अशा जागा फार नाहीत. सगळ्यात जास्त वेळा चुकतो तो मधेच भरलेल्या मोठ्या रकमेचा. बोनस आला, जमिनीचा वाटा मिळाला, आणि एक लाख रुपये कर्जात भरले. भरणाऱ्याच्या मनात ते मुद्दलात जायचे असतात. पण नुसतेच ऑनलाइन पाठवले आणि ‘मुद्दलापोटी’ असे कुठे सांगितले नाही, तर काही ठिकाणी ती रक्कम पुढच्या हप्त्यांची आगाऊ भरणी म्हणून धरली जाते. कंपन्यांकडे ती कधी ‘जादा जमा’ अशा वेगळ्या कप्प्यात पडून राहते. उताऱ्यावर रक्कम जमा दिसते, पावतीही मिळालेली असते, म्हणून शंका येत नाही. तपासायचे ते एवढेच, की त्या तारखेला मुद्दलाची बाकी पूर्ण एक लाखाने खाली आली का. ९.२५ टक्क्यांनी एका लाखाचे रोजचे व्याज २५ रुपये ३४ पैसे. रक्कम तीन महिने कप्प्यात पडली तर सव्वादोन हजारांच्या वर नुकसान, आणि ते कुठल्याही ओळीत ‘नुकसान’ म्हणून दिसत नाही.

दुसरी जागा दंडाची. हप्ता चुकला तर पूर्वी दंडव्याज लावत आणि ते कर्जाच्या बाकीत मिसळून जाई; मग दंडावरही व्याज चढे. रिझर्व्ह बँकेने ही रीत बंद केली. आता दंड हा आकार म्हणून वेगळा लावायचा, तो मुद्दलात मिळवायचा नाही आणि त्यावर व्याज मोजायचे नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले आणि जुन्यांना त्याच वर्षीच्या जूनअखेरपर्यंत लावायचे होते. उताऱ्यात दंड, चेक न वटल्याचा आकार किंवा विम्याचा हप्ता अशा ओळी दिसल्या, तर त्यांनी मुद्दलाची बाकी वाढली का हे पाहावे. विम्याच्या हप्त्याला कर्जदाराने स्वतःच कर्जातून पैसे भरायला संमती दिलेली असते, पण बऱ्याच जणांना ते उताऱ्यातच पहिल्यांदा समजते.

तिसरी जागा अगदी पहिल्या ओळीत असते. चेकवर तारीख एक आणि चेक हातात पडला आठ दिवसांनी, तरी व्याज चेकच्या तारखेपासून. किंवा कर्ज महिन्याच्या मध्यावर दिले आणि व्याज पूर्ण महिन्याचे. हे तपासण्यांमध्ये आढळल्याचे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात स्वतःच लिहिले आहे आणि असे जादा घेतलेले व्याज परत करायला सांगितले आहे. बांधकाम चालू असलेल्या घराच्या बाबतीत ताबा मिळेपर्यंत दिलेल्या रकमेवर नुसते व्याजच भरले जाते. ती दोन-तीन वर्षे उताऱ्यात मुद्दलाचा रकाना कोरा असतो. ती चूक नव्हे, करारच तसा असतो.

मुद्दल आणि व्याज वेगवेगळे दाखवा, ही मागणी आपल्याकडे नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि लोण पुणे-नगर भागात पसरले. त्या दंग्यांत लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. कर्जरोखे मागून घ्यायचे आणि जाळायचे. रोख्यात किती लिहिले आहे आणि आपण भरले ते कशात गेले, हे वाचता न येणाऱ्या माणसाला कळायचा दुसरा मार्ग नव्हता. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. त्याच्या तेराव्या कलमात न्यायालयाने हिशेब कसा करायचा ते सांगितले आहे: मुद्दलाचा हिशेब वेगळा मांडायचा, व्याजाचा वेगळा, मुद्दलाच्या खात्यात कर्जदाराला खरोखर मिळालेला पैसाच नावे टाकायचा आणि थकलेले व्याज मुद्दलात ढकलायचे नाही. पैसे भरल्याची लेखी पावती, वर्षाचा खातेउतारा आणि पासबुकात नोंद, या गोष्टी मागण्याचा हक्क त्याच कायद्याने शेतकऱ्याला दिला. दंडावर व्याज नको हे आज परिपत्रकातून सांगावे लागते, यावरून सावकारी हिशेबाची खोड किती जुनी आहे ते दिसते.

अर्ज लेखीच करावा, तोही थोडक्यात. लांबलचक पार्श्वभूमी लिहिली की नेमकी मागणी हरवते आणि उत्तरात वेळापत्रक चिकटवून पाठवायला वाव मिळतो. मजकूर साधारण असा पुरे:

‘माझ्या नावे आपल्या शाखेत वरील क्रमांकाचे गृहकर्ज खाते आहे. पहिली रक्कम दिल्याच्या तारखेपासून आजपर्यंतचा संपूर्ण खातेउतारा मला हवा आहे. त्यात प्रत्येक हप्त्यासाठी देय तारीख, प्रत्यक्ष जमा तारीख, रक्कम, त्यापैकी व्याजात व मुद्दलात वळवलेला भाग, अन्य आकार आणि त्यानंतरची मुद्दलाची बाकी दाखवावी. तसेच खात्याला वेळोवेळी लागू केलेला व्याजदर, बदलाची तारीख, मापदंड व त्यावरील फरक यांची यादी द्यावी. कर्ज देतेवेळचे व सध्याचे परतफेडीचे वेळापत्रक स्वतंत्र जोडावे. मध्ये भरलेल्या जादा रकमा कोणत्या तारखेला मुद्दलात वळवल्या ते नमूद करावे. उताऱ्यावर शाखेचा शिक्का व सही असावी.’

‘पहिली रक्कम दिल्याच्या तारखेपासून’ हे शब्द मुद्दाम आहेत. नुसते ‘पूर्ण स्टेटमेंट’ म्हटले तर अनेकदा चालू वर्षाचे मिळते. बँकेचे दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झाले असेल, उदाहरणार्थ देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये गेली, किंवा बँकेने संगणकप्रणाली बदलली असेल, तर नवा उतारा ‘मागील बाकी’ अशा एका ओळीने सुरू होतो. त्या ओळीच्या मागे काय होते ते जुन्या खातेक्रमांकावर सापडते. तो क्रमांक जुन्या पासबुकावर किंवा मंजुरीपत्रावर असतो आणि अर्जात लिहिला तर शोध सोपा जातो. कर्ज एका बँकेतून दुसरीकडे हलवले असेल, तर आधीच्या काळाचा उतारा आधीच्या बँकेकडेच मागावा लागतो. जुन्या प्रतींसाठी काही ठिकाणी शुल्क घेतात. ते किती, हे बँकेच्या शुल्कपत्रकात लिहिलेले असते.

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर शिक्का, सही, तारीख अशी पोच घ्यावी. काउंटरवरचा माणूस ‘अॅपमध्ये दिसेल’ असे म्हणतो तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो. अॅपमध्ये त्याला स्वतःला जेवढे दिसते तेवढे तो सांगतो. गृहकर्जाची खाती अनेक बँकांत शाखेऐवजी वेगळ्या कर्ज केंद्राकडून चालवली जातात आणि दर बदलल्याच्या नोंदी तिथेच मिळतात. शाखेत पोच घेऊन तोच अर्ज केंद्राकडे ईमेलने पाठवला तर चार हेलपाटे वाचतात.

उत्तर आलेच नाही किंवा अर्धवट आले, तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत समाधान झाले नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तक्रार cms.rbi.org.in या संकेतस्थळावर करता येते, वकील लागत नाही आणि फी नाही. पोच असेल तर हे तीस दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे यावर वाद होत नाही. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते. सहकारी पतसंस्थेचे कर्ज असेल तर ही दारे उपयोगाची नाहीत, पण तिथे सभासदाच्या हाती दुसरा हक्क आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार संस्थेच्या ज्या वह्यांत आपल्या व्यवहारांची नोंद आहे तो भाग सभासदाला कार्यालयात बसून फुकट पाहता येतो आणि फी भरून त्याची नक्कलही मागता येते. तिथूनही दाद मिळाली नाही तर तालुक्याच्या सहकार निबंधक कार्यालयात अर्ज करायचा.

पतसंस्थेच्या किंवा वाहनकर्जाच्या उताऱ्यात एक खूण आधी पाहावी. व्याजाच्या रकान्यात पहिल्या महिन्यापासून शेवटच्या महिन्यापर्यंत तोच आकडा असेल, तर व्याज घटत्या बाकीवर नसून मूळ रकमेवर मोजले जात आहे. १,२०,००० रुपये तीन वर्षांसाठी असे ‘दहा टक्क्यांनी’ घेतले तर व्याज ३६,००० आणि हप्ता ४,३३३. घटत्या बाकीच्या हिशेबाने हा दर जवळपास अठरा टक्के होतो. करारात तसे स्पष्ट लिहिले असेल तर संस्था चुकली असे म्हणता येणार नाही, पण दुसरीकडच्या बारा टक्क्यांशी तुलना करताना हे दहा टक्के स्वस्त धरू नयेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी बँका आणि वित्त कंपन्यांना मुख्य तपशिलांचे पत्रक द्यावे लागते. त्यात सगळे आकार धरून येणारा वार्षिक दर आणि परतफेडीचे वेळापत्रक दोन्ही असते, त्यामुळे नवे कर्जदार या फेऱ्यातून सुटायला हरकत नाही.

उतारा तपासून खरेच चूक सापडली, तर मागणी कशी करायची यात एक बारकावा आहे. समजा ते एक लाख रुपये तीन महिने कप्प्यात पडून होते. बँक चूक मान्य करते आणि आजच्या तारखेने ते मुद्दलात वळवते. बाकी एक लाखाने उतरते, कर्जदार खूश होतो, पण तीन महिन्यांचे सव्वादोन हजार व्याज तसेच राहते आणि पुढे त्यावर व्याज चढत जाते. म्हणून दुरुस्ती मूळ तारखेपासून मागायची: रक्कम ज्या दिवशी मिळाली त्या दिवसापासून मुद्दलात धरून पुढच्या सगळ्या महिन्यांचे व्याज पुन्हा मोजावे. दर उशिरा लावला असेल तिथेही हेच. दुरुस्तीनंतर पुन्हा एक उतारा घ्यावा आणि त्यात शेवटची बाकी किती उतरली आणि उरलेले हप्ते किती कमी झाले, हे दोन आकडे आधीच्या उताऱ्याशी ताडून पाहावेत.